बेसाच्या घरावर ईडीची टाच: घेणाऱ्यानं काय करायचं?

बेसाकर_७७ (८ सप्टेंबर, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचनमात्र असतो, पण आज गरज पडली.

फेब्रुवारी २०१९ मध्ये नागपूरच्या बेसा भागात प्लॉटसकट बांधलेलं घर घेतलं. किंमत ४२ लाख. ३३ लाख ६० हजार बँकेचं कर्ज, बाकी ८ लाख ४० हजार माझे: एफडी मोडून ५ लाख आणि पीएफमधून ३ लाख ४० हजार. रोखीत एक रुपया दिलेला नाही. घर माझ्या आणि बायकोच्या नावावर आहे.

विकणारा गृहस्थ इथल्याच एका पतसंस्थेचा संचालक होता. नोव्हेंबर २०१९ मध्ये त्या संस्थेवर ठेवीदारांच्या फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला, नंतर ईडी आली. २०२३ मध्ये मला समन्स आलं, जाऊन जबाब देऊन आलो. वाटलं संपलं. यंदा १२ जूनला घरावर तात्पुरती टाच आली, फाटकाशेजारी कागद चिकटवला. आता टाच कायम करायची की नाही हे ठरवणाऱ्या दिल्लीच्या ॲडज्युडिकेटिंग अथॉरिटीची कारणे दाखवा नोटीस आली आहे, १३ ऑक्टोबरला सुनावणी. सोबत एक पेनड्राइव्ह, त्यात साडेसहाशे पानं.

प्रश्न तीन. घर खाली करावं लागेल का? उत्तर काय द्यायचं? आणि कर्जाचे हप्ते भरत राहायचे की थांबवायचे?

तर्रीवाला (८ सप्टेंबर, रात्री ९:५८)

बाप्पा! वाचूनच पोटात गोळा आला. जाणकार येईपर्यंत धागा वर ठेवतो.

नियमावाघ (८ सप्टेंबर, रात्री १०:१५)

घाबरू नका भाऊ. टाच १८० दिवसच टिकते, नंतर आपोआप उठते. तोवर तारखा घेत बसायचं. आणि उद्याच इथल्या दिवाणी कोर्टात दावा टाकून मनाई हुकूम घ्या. रजिस्टर्ड खरेदीखत आहे, कोणाचा बाप काही करू शकत नाही.

गोंडवाना_एक्स्प्रेस (८ सप्टेंबर, रात्री १०:३१)

सेम माझ्यासोबत झालं. मार्चमध्ये एका गिऱ्हाईकानं यूपीआयनं १,८०० रुपये पाठवले आणि माझं दुकानाचं खातं गोठलं. बँक म्हणते सायबर पोलिसांचं पत्र आहे, तेही परराज्यातल्या. तुमचं खातं पण गोठवलं का? पोलिसांना मेल टाका, माझं तसंच सुटलं.

खटपट्या (८ सप्टेंबर, रात्री ११:२०)

मी वकील आहे आणि अशा प्रकरणांत काम केलेलं आहे. पण इथे वाचून थेट उत्तर दाखल करू नका, कागद पाहिलेला वकील लागेलच.

गोंडवाना, तुमचा विषय वेगळा. तिथे तपास करणारे पोलीस बँकेला कळवून खातं थांबवतात आणि दाद मॅजिस्ट्रेटकडे मागता येते. इथे काळा पैसा पांढरा करण्याविरुद्धचा पीएमएलए कायदा आहे, त्याचा रस्ता निराळा.

नियमावाघ, तुमचं अर्धं बरोबर आहे. तात्पुरती टाच १८० दिवसांची असते हे खरं. पण त्या मुदतीत अथॉरिटीनं ती कायम केली की १८० दिवसांचा प्रश्नच संपतो. १२ जूनपासून मोजलं तर ९ डिसेंबर येतो. अथॉरिटीसमोर हीच तारीख असते, म्हणून ते सुनावण्या भराभर उरकतात. तुम्ही तारीख मागितली तर आठ दिवसांची मिळेल, दोन महिन्यांची नाही. आणि उत्तरच दिलं नाही तर एकतर्फी आदेश होईल. दिवाणी कोर्टाचं तर नावच काढू नका, कलम ४१ नं तो दरवाजा बंद केलेला आहे.

बेसाकर, पहिल्या प्रश्नाचं उत्तर: आज घर खाली करावं लागत नाही. तात्पुरत्या टाचेत राहण्या-वापरण्यावर बंदी नसते, कलम ५(४) मध्ये ते स्पष्ट लिहिलंय. विकणं, गहाण ठेवणं, बक्षीसपत्र करणं बंद. टाच कायम झाली की मग कलम ८(४) खाली ताबा मागणारी नोटीस येऊ शकते, आणि तिच्यात दहा दिवस दिलेले असतात. पण २७ जुलै २०२२ च्या विजय मदनलाल चौधरी निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलंय की अंतिम जप्तीच्या आधी ताबा घेणं हा अपवाद असावा, नियम नव्हे. राहत्या घराच्या बाबतीत हे वाक्य फार कामाचं आहे.

तिसऱ्याचं उत्तर: हप्ते थांबवायचे नाहीत. बिलकूल नाही. खातं थकलं की बँक आपली वसुली सुरू करते, मग तुम्ही दोन आघाड्यांवर लढता. उलट बँकेला आजच लेखी कळवा. तिचं गहाण त्या घरावर आहे, तिनंही अथॉरिटीपुढे उभं राहायला हवं.

दुसरा प्रश्न मोठा आहे. त्याआधी तीन गोष्टी सांगा. टाचेच्या आदेशात तुमच्या घराबद्दलचा परिच्छेद नेमका काय म्हणतो? विकणाऱ्यानं प्लॉट कधी घेतला होता? आणि नोटीस कोणाकोणाच्या नावे आहे?

मीनल_वर्धा (९ सप्टेंबर, सकाळी ७:०५)

माझ्या सासूबाईंचे साडेतीन लाख अशाच एका पतसंस्थेत अडकलेत. त्यांच्या नवऱ्याच्या ग्रॅच्युइटीचे पैसे. संचालक मंडळींनी आमच्या पैशातून घरं बांधली आणि मग विकून मोकळे झाले. घेणाऱ्यांना आता कायद्याचे दरवाजे दाखवताय, छान. ठेवीदारांना कोणते दरवाजे?

तर्रीवाला (९ सप्टेंबर, सकाळी ७:४०)

मीनलताई, राग समजतो. पण बेसाकरांनी ४२ लाख मोजलेत हो, फुकट नाही घेतलं.

मीनल_वर्धा (९ सप्टेंबर, सकाळी ८:१२)

ते ४२ लाख गेले कुठे मग? ते शोधा म्हणावं.

खटपट्या (९ सप्टेंबर, सकाळी ८:३०)

मीनलताई, तुम्ही रागात जे विचारलंत तोच बेसाकरांचा सगळ्यात भक्कम मुद्दा आहे. संध्याकाळी सविस्तर लिहितो.

बेसाकर_७७ (९ सप्टेंबर, दुपारी १:५०)

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय.

आदेशातला परिच्छेद असा आहे, थोडक्यात: विक्रेत्यानं प्लॉट २०११ मध्ये घेतला. २०१६ मध्ये त्यावर बांधकाम केलं, खर्च अंदाजे २६ लाख, त्यापैकी १८ लाख पतसंस्थेच्या खात्यातून एका ठेकेदाराच्या खात्यात गेल्याचं दिसतं. पुढे म्हटलंय की घेणारा 'विक्रेत्याचा परिचित' आहे आणि त्यानं जबाबात तसं कबूल केलंय. म्हणून पूर्ण घर, ४२ लाख, टाच.

परिचित म्हणजे काय तर माझे वडील आणि तो गृहस्थ एकाच भजनी मंडळात. घर विकाऊ आहे हे तिथूनच कळलं. जबाबात विचारलं, घर कसं सापडलं, मी म्हणालो ओळखीतून. झालं.

गुन्ह्याचा काळ तक्रारीत २०१४ ते २०१८ असा दिलाय.

नोटीस फक्त माझ्या नावे आहे, प्रतिवादी क्रमांक ९. बायकोचं नाव कुठेच नाही.

आणखी एक. त्याच पतसंस्थेत माझंही आवर्ती ठेवीचं खातं होतं. वीस हजार बुडाले. मीनलताई, मीही तुमच्याच रांगेत आहे, फक्त मागे.

ताळेबंद (९ सप्टेंबर, दुपारी ३:१५)

मी सीए आहे. वकिली खटपट्यांची, आकडे माझे.

तुमच्या उत्तरात पैशाचा मार्ग तुमच्या खिशापासून विक्रेत्याच्या खात्यापर्यंत अखंड दिसला पाहिजे. नोटिशीत कलम ८(१) खाली नेमकं हेच विचारलेलं असतं: कोणत्या उत्पन्नातून, कशाच्या बळावर ही मालमत्ता घेतली. त्यामुळे 'मी प्रामाणिक आहे' लिहिण्यात अर्थ नाही. पुढचं जोडा. ५ लाखांची एफडी ज्या दिवशी मोडली त्या दिवसाचा खातेउतारा, आणि ती एफडी मुळात कशातून केली त्याचा पुरावा. बहुतेक लोक इथेच थांबतात, एफडी मोडल्याची पावती लावतात आणि ती कुठून आली हे सांगत नाहीत. पीएफचं मंजुरीपत्र. त्या काळातली आयकर विवरणपत्रं. बँकेचं कर्जमंजुरी पत्र आणि धनाकर्ष विक्रेत्याच्या नावे काढल्याची नोंद. तुमचा आणि विक्रेत्याचा खातेउतारा समोरासमोर ठेवला की रकमा आणि तारखा जुळल्या पाहिजेत. विक्रेत्याचा उतारा तुमच्याकडे नसेल, पण त्या साडेसहाशे पानांत असण्याची दाट शक्यता आहे. शोधा.

दुसरं, किंमत. खरेदीखतात शासकीय मूल्यांकन किती होतं?

बेसाकर_७७ (९ सप्टेंबर, दुपारी ३:४०)

३८ लाख ५० हजार.

ताळेबंद (९ सप्टेंबर, दुपारी ३:४४)

उत्तम. मूल्यांकनापेक्षा जास्त दिलेत. मातीमोल भावात घर लाटलं असं कोणी म्हणू शकत नाही. कर्ज देताना बँकेच्या मूल्यांकनकारानंही एक अहवाल केला असेल, त्याची प्रत बँकेकडून मागवा. तो तुमचा माणूस नव्हता, म्हणून त्याच्या आकड्याला वजन आहे.

सावजी_शेर (९ सप्टेंबर, सायंकाळी ५:२०)

रोखीत एक रुपया नाही म्हणता, नशीबवान आहात. माझ्या साडूनं अशाच भानगडीत सापडलेल्या माणसाकडून दुकानाचा गाळा घेतला. खरेदीखतात १५ लाख, वरचे ९ पिशवीत. आता कोणापुढे सांगणार की मी २४ दिले? सांगितलं तर आयकरवाले, नाही सांगितलं तर गाळा बाजारभावापेक्षा स्वस्तात घेतला म्हणून संशय. दोन्हीकडून मार. वकिलानं पिशवीचा उल्लेखच करू नका म्हटलं. शेवटी टाच कायम झाली, आता दिल्लीच्या अपिलात पडून आहे.

तर्रीवाला (९ सप्टेंबर, सायंकाळी ५:३५)

पिशवी कोणती होती? कापडी की नायलॉन? पुराव्याला लागेल.

सावजी_शेर (९ सप्टेंबर, सायंकाळी ५:३७)

हसून राहिले लेकाचे. साडूला वाचायला देतो हा धागा.

खटपट्या (९ सप्टेंबर, रात्री १०:४५)

आता सविस्तर.

आधी बायकोचं. घर दोघांच्या नावे असेल तर नोटीस सगळ्या सहमालकांना द्यावी लागते, कलम ८(१) मध्येच तसं आहे. नुसती तक्रार करून थांबू नका. वहिनींनी स्वतंत्र अर्ज देऊन 'मी सहमालक आहे, मलाही ऐका' म्हणावं. कर्जात त्या सहकर्जदार असतील तर त्यांचा पगार, त्यांचे हप्ते वेगळे दाखवावेत. नुसत्या या त्रुटीवर टाच उठेल असं मी म्हणत नाही, अथॉरिटी त्यांना नोटीस काढून मोकळी होईल. पण पुढे अपिलात हा मुद्दा नोंदलेला असावा.

आता मूळ उत्तर. मी असतो तर ते तीन पायऱ्यांत लिहिलं असतं, आणि प्रत्येक पायरी आधीची पडली तरी उभी राहील अशी.

पहिली पायरी: आम्ही पूर्ण किंमत देऊन, चौकशी करून, गुन्ह्याची काहीही माहिती नसताना घेतलं. खरेदी फेब्रुवारी २०१९, गुन्हा दाखल नोव्हेंबर २०१९. मधल्या नऊ महिन्यांत काही कळायला मार्ग होता का हे तुम्ही दाखवायचं. घेण्याआधी वकिलाकडून शोध अहवाल घेतला होता? पेपरात जाहीर नोटीस दिली होती? बँकेच्या पॅनेलवरच्या वकिलानं वेगळा शोध घेतला असणारच. दोन्ही अहवाल जोडा. आणि तुमचं बुडालेलं आवर्ती खातं लपवू नका, ठळक लिहा. ज्याला संस्था बुडणार हे ठाऊक आहे तो फेब्रुवारीत तिच्यात हप्ता भरत नाही. पासबुकात त्या महिन्यांच्या नोंदी आहेत ना?

'परिचित' या शब्दाला घाबरू नका, पण जबाब नाकारूही नका. कलम ५० खालचा जबाब पुरावा म्हणून वाचला जातो आणि 'मी तसं बोललोच नाही' हे चालत नाही. शपथपत्रात सरळ सांगा: ओळख भजनी मंडळापुरती, संस्थेच्या कारभारात भाग नाही, नातं नाही, आधी-नंतर कुठलाही आर्थिक व्यवहार नाही. मग बँक उतारे तसं दाखवतात का ते ताळेबंदांनी तपासावं.

दुसरी पायरी: मीनलताईंचा प्रश्न. घर माझ्याकडे आलं तेव्हा त्याच्या बदल्यात ४२ लाख विक्रेत्याकडे गेले. गुन्ह्यातला पैसा घरात होता असं मानलं तरी त्या दिवशी तो विक्रीच्या रकमेच्या रूपात विक्रेत्याच्या खात्यात पोचला. तपास तिथून पुढे जायला हवा होता. बेसाकर, विक्रेत्याच्या उताऱ्यात ते पैसे आल्यानंतर काय झालं ते बघा. दुसरी मालमत्ता घेतली असेल आणि ती टाचेतून सुटली असेल तर हा मुद्दा दुप्पट जोरदार होतो.

तिसरी पायरी: वरचं काहीच पटलं नाही तरी पूर्ण घर कसं? प्लॉट २०११ चा, गुन्ह्याचा काळ २०१४ पासून. जी वस्तू गुन्ह्याच्या आधीच घेतली ती गुन्ह्यातून आली कशी म्हणणार? पावना डिब्बूर निकालात, नोव्हेंबर २०२३, सर्वोच्च न्यायालयानं गुन्ह्याआधी घेतलेल्या मालमत्तेबद्दल हेच म्हटलंय. म्हणजे फार तर बांधकामातल्या १८ लाखांपुरती टाच, ४२ ची नाही.

नियमावाघ (९ सप्टेंबर, रात्री ११:१०)

मग केस जिंकल्यातच जमा!

खटपट्या (९ सप्टेंबर, रात्री ११:३२)

तसं नाही ना. ईडीचा वकील काय म्हणेल तेही ऐका.

तो म्हणेल की कायद्यातल्या व्याख्येत गुन्ह्यातून मिळालेली मालमत्ता 'किंवा तिचं मूल्य' असं लिहिलंय. मूळ पैसा सापडत नसेल तर तितक्या किमतीची आरोपीची दुसरी मालमत्ता, अगदी गुन्ह्याआधीचीसुद्धा, धरता येते. यावर उच्च न्यायालयांत एकमत नाही. पंजाब-हरियाणानं सीमा गर्ग प्रकरणात २०२० साली गुन्ह्याआधीच्या मालमत्तेच्या बाजूनं कौल दिला. दिल्लीनं ॲक्सिस बँक प्रकरणात २०१९ साली मूल्याइतकी मालमत्ता धरता येते असं म्हटलं, पण त्याच निकालात प्रामाणिक त्रयस्थाला संरक्षणही दिलं. म्हणून तो निकाल दोन्ही बाजू हातात घेऊन येतात. आपल्याला त्यातला दुसरा भाग हवा आहे: तुम्ही आरोपी नाही, आणि मूल्याच्या नावाखाली धरायची ती आरोपीची मालमत्ता, तुमची नव्हे.

पण ईडी तुमच्या घराला 'मूल्य' म्हणत नाहीये, 'थेट त्याच पैशातून बांधलेलं' म्हणतेय, निदान १८ लाखांपुरतं. तिथे पहिली पायरीच तारेल.

तिचं दुसरं म्हणणं असं असतं की प्रामाणिक खरेदीदाराचा प्रश्न आता नाही, खटल्याच्या वेळी विशेष न्यायालय कलम ८(८) खाली बघेल. अथॉरिटीला हे सोयीचं वाटतं. आणि खरं सांगायचं तर माझ्या पाहण्यात अथॉरिटीपुढे टाच कायम होण्याचंच प्रमाण जास्त. उत्तर लिहिताना डोळ्यांसमोर अपील ठेवा. कायम झाली तर आदेश मिळाल्यापासून ४५ दिवसांत दिल्लीच्या न्यायाधिकरणात, आणि तिथून ६० दिवसांत उच्च न्यायालयात. तुम्ही नागपूरचे, म्हणजे इथल्या खंडपीठात. जो कागद पहिल्या उत्तराला जोडला नाही तो नंतर घुसवणं अवघड जातं.

मीनल_वर्धा (१० सप्टेंबर, सकाळी ६:५०)

काल रात्री परत वाचलं. बेसाकर, माझा रोख तुमच्यावर नव्हता.

पण खटपट्या, ते ८(८) ठेवीदारांसाठी पण आहे ना? आमच्या कृती समितीत कोणीतरी सांगितलं.

खटपट्या (१० सप्टेंबर, सकाळी ९:१५)

आहे. मुळात ते तुमच्यासारख्यांसाठीच जास्त आहे. ज्यांचं मोजता येण्यासारखं नुकसान झालंय अशा हक्कदारांना जप्त मालमत्ता परत देता येते, आणि २०१८ च्या दुरुस्तीनंतर खटला संपायची वाट न पाहता विशेष न्यायालय ती देऊ शकतं. समितीनं ठेवपावत्यांसह एकत्र अर्ज करावा, एकेकट्यानं खर्च परवडत नाही. शिवाय आपल्याकडे ठेवीदारांच्या संरक्षणासाठीचा १९९९ चा एमपीआयडी कायदा आहेच. त्याखाली राज्य सरकारनं त्याच मालमत्ता वेगळ्या टाचेत घेतल्या आहेत का हे उपविभागीय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारा. बेसाकर, हे तुम्हीही विचारा! एका घरावर दोन कायद्यांच्या दोन टाचा असू शकतात, आणि एक उठली म्हणून दुसरी उठत नाही.

रामदासपेठी (१० सप्टेंबर, सकाळी ११:००)

एक शंका. २०१९ चा गुन्हा आणि २०२५ ला टाच. टाचेसाठी मालमत्ता 'विकली जाण्याची, लपवली जाण्याची शक्यता' दाखवावी लागते ना? माणूस सहा वर्षं त्याच घरात राहतोय, बँकेचा बोजा आहे, कुठे पळवणार घर?

खटपट्या (१० सप्टेंबर, सकाळी ११:२५)

चांगला मुद्दा. अधिकाऱ्याला हे कारण लेखी नोंदवावं लागतं. बहुतेक आदेशांत ते एका साचेबंद वाक्यात उरकलेलं असतं, सगळ्या मालमत्तांना एकच. बेसाकर, तुमच्या घरापुरतं वेगळं कारण दिलंय का बघा. नसेल तर तसं लिहा आणि २०१९ पासूनचे कर पावत्या, वीज बिलं, हप्ते जोडून दाखवा की घर विकण्याचा विचारही नव्हता. एवढ्यावर सुटका होईल असं नाही.

तर्रीवाला (१० सप्टेंबर, सकाळी ११:४०)

विकण्याचा विचार नव्हता हे दाखवायला आणखी एक पुरावा: बेसाचा रस्ता. त्या खड्ड्यांतून घर बघायला कोण येणार?

बेसाकर_७७ (१० सप्टेंबर, दुपारी १२:१०)

😄 हा परिशिष्टात टाकतो.

ताळेबंद (२१ सप्टेंबर, रात्री ८:३०)

बेसाकर, पेनड्राइव्हमध्ये विक्रेत्याचा उतारा सापडला का? धागा थंडावला म्हणून विचारतो.

बेसाकर_७७ (२१ सप्टेंबर, रात्री १०:०५)

सापडला. पान ४१२ पासून. दिशाहीन स्कॅन, काही पानं उलटी.

बँकेचे ३३.६० लाख जमा झाल्यावर चौथ्या दिवशी त्यातले १९ लाख एका सराफाच्या खात्यात गेलेत. बाकीचे हळूहळू रोखीनं काढलेत. सराफाचं नाव टाचेच्या यादीत नाही. आदेशात या १९ लाखांबद्दल एक ओळसुद्धा नाही.

धंतोलीतल्या वकीलसाहेबांनी ते पान बघून खुर्ची पुढे ओढली. आता उत्तराचा दुसरा भाग याच पानावर उभा केलाय. बायकोचा वेगळा अर्ज तयार आहे. बँकेनं मात्र दोन पत्रांनंतरही 'विधी विभागाकडे पाठवलंय' एवढंच कळवलं.

आवर्ती खात्याचं पासबुक आईच्या ट्रंकेत मिळालं. शेवटचा हप्ता सप्टेंबर २०१९.

खटपट्या (२१ सप्टेंबर, रात्री १०:४०)

शेवटचा हप्ता सप्टेंबर २०१९ म्हणजे खरेदीनंतर सात महिने, फिर्यादीच्या दोन महिने आधी. पासबुकाचं ते पान रंगीत झेरॉक्स करून लावा, आणि मूळ सुनावणीला वकिलाकडे राहू द्या. ज्या पानांवर भर आहे त्यांचे क्रमांक उत्तरातल्या परिच्छेदातच द्या. साडेसहाशे पानांत अथॉरिटी शोधत बसणार नाही.

बेसाकर_७७ (१६ ऑक्टोबर, रात्री ९:१५)

सुनावणी झाली, व्हिडिओवर. वीसेक मिनिटं. बायकोचा अर्ज मंजूर झाला, तिलाही नोटीस निघणार. ईडीच्या वकिलानं प्रत्युत्तरासाठी वेळ मागितला, पुढची तारीख ६ नोव्हेंबर. सराफाच्या नोंदीबद्दल विचारल्यावर ते म्हणाले, 'तपास सुरू आहे.' अध्यक्षांनी ते नोंदवून घेतलं.

नियमावाघ (१६ ऑक्टोबर, रात्री ९:४०)

९ डिसेंबर! मी म्हणत होतो ना, तारखा पडू द्या.

खटपट्या (१६ ऑक्टोबर, रात्री १०:०२)

६ नोव्हेंबर आणि ९ डिसेंबर यांच्यात भरपूर दिवस आहेत हो. आदेश मुदतीत येईल असंच धरून चाला. आणि वहिनींना नोटीस मिळाल्यावर त्यांच्या उत्तराचे दिवस मोजायला सुरुवात करा, ते वेगळे आहेत.

बेसाकर_७७ (१६ ऑक्टोबर, रात्री १०:२०)

वरच्या खोलीत एक विद्यार्थी भाड्यानं राहतो, महिना ४,५०० देतो. ते भाडं मी घ्यायचं की नाही? वकीलसाहेब म्हणाले, सध्या घ्या, पण वेगळ्या खात्यात ठेवा. दुसरे एक ओळखीचे वकील म्हणाले, वापरण्याची मुभा आहे तर खर्चही करा. कोणाचं ऐकू?

ताळेबंद (१६ ऑक्टोबर, रात्री १०:३१)

वेगळ्या खात्यात. आणि पावती देत जा त्या पोराला.

सावजी_शेर (१६ ऑक्टोबर, रात्री १०:४८)

साडूच्या गाळ्याचं भाडं टाच कायम झाल्यानंतर ईडीनं थेट भाडेकरूकडून मागितलं होतं. पण त्याची टाच कायम झालेली होती, तुमची अजून नाही. त्यामुळे तुम्हाला लागू होतं की नाही ते खटपट्याच सांगतील.

तर्रीवाला (१६ ऑक्टोबर, रात्री १०:५०)

खटपट्या झोपले वाटतं.